थ्री-ऑन-थ्री बास्केटबॉल: चेंडू कुठून सुरू करायचा, गुण कसे मोजायचे आणि सामना कधी संपतो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात शाळांच्या कोर्टांवर थ्री-ऑन-थ्रीचे सामने होतात, तेव्हा वाद बहुतेक एकाच ठिकाणी होतो. बास्केट झाली, चेंडू रिंगखाली पडला, आणि आता तो कुठून सुरू करायचा हे दोन्ही संघांना वेगवेगळं वाटतं. एक जण एंडलाइनबाहेर जाऊन थ्रो-इन करू पाहतो, दुसरा चेंडू वर, आर्कबाहेर नेऊन चेक मागतो, म्हणजे बचाव करणाऱ्याने तो आपल्या हाती द्यावा म्हणतो, तिसरा तिथूनच शॉट मारतो. पाचाच्या खेळाची सवय असल्यामुळे हे होतं. नियम मात्र अवघड नाहीत. चेंडू ‘डेड’ झाला होता की खेळ चालूच होता, एवढं ओळखता आलं की पुढचं सगळं त्यावरून ठरवता येतं.

खाली दिलेला क्रम फिबा या जागतिक संघटनेच्या थ्री-एक्स-थ्री नियमांवर बेतलेला आहे. गल्लीत खेळताना काही गोष्टी सोयीने बदलता येतील, पण बदल सामना सुरू होण्याआधी करायचा, भांडण झाल्यावर नाही.

टप्पा १: कोर्ट आखणे

एक रिंग आणि तिच्यासमोरची अर्धी जागा एवढंच लागतं. नियमातलं माप १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब. आपल्या शाळांमधलं पूर्ण कोर्ट २८ मीटरचं असेल तर त्याचं अर्धं १४ मीटर भरतं. अशा वेळी एंडलाइनपासून ११ मीटरवर, म्हणजे मधल्या रेषेच्या ३ मीटर अलीकडे, मागची हद्द आखून घ्यावी. तेवढं जमत नसेल तर सरळ अर्धं कोर्ट वापरलं तरी सराव सामन्याला चालतं.

सगळ्यात जपून आखायची रेष म्हणजे आर्क, कारण गुण तिच्यावरून ठरतात. ती रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ६.७५ मीटरवर येते. खांबापासून किंवा एंडलाइनपासून मोजू नका. जुन्या शाळांत खांब कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे रोवलेला असतो आणि तिथून मोजलं की आर्क एका अंगाला कलतो. गवंड्याचा ओळंबा रिंगच्या मधोमध सोडा, त्याचं टोक जमिनीला जिथे टेकेल तिथे खडूने फुली मारा आणि टेपचं शून्य त्या फुलीवर धरा. एकाने टेप ताणून धरायची आणि दुसऱ्याने ६.७५ च्या खुणेवर खडू ठेवून वळत जायचं. सुतळी वापरू नका, ती ताणली की लांबते आणि डावीकडचा आर्क उजवीकडच्यापेक्षा मोठा होतो.

दोन्ही बाजूंना आर्क पूर्ण वळत नाही. साइडलाइनपासून ९० सेंटिमीटर आत, तिला समांतर अशी सरळ रेष एंडलाइनपासून साधारण ३ मीटर पुढे येते आणि मग आर्कला मिळते. रेषेची जाडी ५ सेंटिमीटर, आणि ६.७५ हे माप तिच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. म्हणजे रेष स्वतः आतल्या भागात मोडते.

याशिवाय फ्री थ्रोची रेष एंडलाइनपासून ५.८० मीटरवर आणि रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं छोटं अर्धवर्तुळ. हे अर्धवर्तुळ बरेच जण आखतच नाहीत. टप्पा ४ मध्ये त्याचं काम पडतं, तेव्हा ते सोडू नका.

खानापूरकडच्या लाल मातीच्या मैदानावर फक्की मारली तर पहिल्या दोन सामन्यांतच आर्क पायांनी पुसला जातो. दर सामन्याआधी निदान वरचा, म्हणजे रिंगसमोरचा भाग पुन्हा मारावा.

*इशारा:* जुन्या सिमेंट कोर्टावर अनेकदा ६.२५ मीटरचा जुना आर्क रंगवलेला असतो. २०१० पर्यंत तेच माप होतं. कोर्टावर दोन आर्क दिसत असतील तर कोणता धरायचा हे दोन्ही संघांना रेषेवर नेऊन दाखवा.

*तपासा:* फुलीपासून तीन ठिकाणी मोजा, समोर, डावीकडे तिरकस आणि उजवीकडे तिरकस. तिन्ही ठिकाणी ६.७५ आलं पाहिजे.

टप्पा २: सामन्याआधी ठरवायच्या गोष्टी

संघात जास्तीत जास्त चार जण, त्यातले तीन कोर्टवर. सुरुवातीला तिघे हजर असायलाच हवेत. चेंडूचं माप सहा नंबरचं आणि वजन सात नंबरचं असतं. खास थ्री-एक्स-थ्रीचा चेंडू मिळत नसेल तर दोन्ही संघांना मान्य असलेला एकच चेंडू शेवटपर्यंत ठेवा.

मग वेळ आणि लक्ष्य. नियमाप्रमाणे सामना १० मिनिटांचा आणि लक्ष्य २१ गुण, जे आधी होईल ते. पण ही १० मिनिटं घड्याळ थांबवून मोजलेली असतात. चेंडू डेड झाला की घड्याळ थांबतं, आणि चेक होऊन चेंडू चढाई करणाऱ्याच्या हातात आला की पुन्हा सुरू होतं. बास्केट झाल्यावर मात्र ते थांबत नाही.

आपल्याकडे टेबलावर एक मुलगा मोबाइल घेऊन बसलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत बारा सामने उरकायचे असतात. घड्याळ चालूच ठेवायचं असेल तर लक्ष्यही कमी करावं लागतं, नाहीतर २१ पर्यंत कुणी पोचतच नाही. फिबाचीच शिफारस अशी: चालू घड्याळावर १० मिनिटांना १० गुण, १५ मिनिटांना १५ आणि २० मिनिटांना २१. माझ्या मते गल्लीच्या स्पर्धेला १० मिनिटं आणि १० गुण हेच सोयीचं, कारण मुलं दिवसात तीन-चार सामने खेळतात.

चढाईला १२ सेकंद मिळतात. शॉट क्लॉक नसेल तर पंचाने शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजायचे. आपल्या कोर्टवर अर्धी मुलं मराठीत बोलतात, अर्धी कन्नडमध्ये. ‘पाच, चार, तीन’ म्हणायचं की ‘ऐदु, नाल्कु, मूरु’ हे आधी ठरवा आणि सामनाभर तेच ठेवा. मोजण्याची भाषा मध्येच बदलली तर खेळाडूला वाटतं की मोजणी नव्याने सुरू झाली.

शेवटी नाणेफेक. जिंकणाऱ्या संघाने निवडायचं असतं: सुरुवातीचा चेंडू हवा की बरोबरी झाल्यास जादा वेळेतला. सवयीने सगळे सुरुवातीचाच घेतात. पण २१ च्या सामन्यात दोन तोडीस तोड संघ असतील तर जादा वेळेतला चेंडू खूप मोलाचा, कारण तिथे दोन गुणांत निकाल लागतो.

टप्पा ३: चेक कधी आणि कसा

चेक म्हणजे बचाव करणाऱ्याने चेंडू चढाई करणाऱ्याच्या हाती देणं. तो आर्कच्या बाहेर, रिंगच्या बरोबर समोर होतो. सामन्याची सुरुवात चेकने होते. त्यानंतर चेंडू डेड झाला की प्रत्येक वेळी चेक: चेंडू हद्दीबाहेर गेला, फाउल झाला आणि फ्री थ्रो नाही, ट्रॅव्हलिंग झालं, १२ सेकंद संपले, दोघांनी एकाच वेळी चेंडू धरून ठेवला. या शेवटच्या बाबतीत चेंडू बचाव करणाऱ्या संघाला मिळतो. थ्री-ऑन-थ्रीमध्ये थ्रो-इन हा प्रकारच नाही. चेंडू साइडलाइनबाहेर गेला म्हणून तिथे जाऊन उभं राहायचं नाही, वर यायचं.

कृती अशी. चढाई करणारा आर्कबाहेर दोन्ही पाय ठेवून रिंगकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा बचाव करणारा साधारण एक मीटरवर समोर. बचाव करणारा आधी मागे वळून आपले दोघे साथीदार जागेवर आहेत का ते पाहतो, मग चेंडू हातात देतो किंवा हलका टप्पा देऊन सोडतो. चेंडू समोरच्याच्या हातात गेला की खेळ सुरू. त्याने पास द्यायलाच हवा असं नाही. तो ड्रिबल करू शकतो किंवा जागेवरूनच शॉट मारू शकतो.

‘चेकनंतर पहिला पास सक्तीचा’ हा काही मैदानांवरचा घरगुती नियम आहे. ठेवायचा असेल तर ठेवा, पण बाहेरून आलेल्या संघाला आधी सांगा.

इथली नेहमीची चूक म्हणजे चेंडू लांबून जोरात फेकणं किंवा पायाशी आपटणं. समोरच्याला तो धड पकडता येत नाही, आणि मग बचाव करणारा म्हणतो, ‘दिला की गा, तू पकडला नाहीस!’ पंचाने असा चेक धरू नये, पुन्हा करायला लावावा. मुद्दाम वेळ काढत असेल तर आधी ताकीद द्यावी.

*तपासा:* चेक देण्याआधी बदली खेळाडू आत आला का? बदली फक्त चेंडू डेड असताना, चेक किंवा फ्री थ्रोच्या आधी होते. बाहेर येणाऱ्याने मागच्या हद्दीपलीकडे, म्हणजे रिंगच्या समोरच्या टोकाला येऊन आत जाणाऱ्याला हात लावायचा. पंचाला सांगावं लागत नाही.

टप्पा ४: बास्केट झाल्यावर

इथे चेक नाही. खेळ थांबलेलाच नसतो.

ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांच्यापैकी एकाने रिंगखालून चेंडू घ्यायचा, कोर्टच्या आतच राहून, आणि ड्रिबल करत किंवा पास देऊन आर्कबाहेर न्यायचा. एंडलाइनच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. शेवटचा फ्री थ्रो पडला तरी हेच. १२ सेकंदांची मोजणी चेंडू हातात येताच सुरू होते, आर्कबाहेर पोचल्यावर नाही. बाहेर जायला चार सेकंद घालवले तर शॉटसाठी आठच उरतात.

आता ते छोटं अर्धवर्तुळ. बास्केट झाल्यावर त्याच्या आत चेंडू घेणाऱ्याला अडवायचं किंवा त्याच्याकडून चेंडू हिसकायचा नाही. अर्धवर्तुळाबाहेर आला की अडवा. आखणी नसेल तर या एका गोष्टीवरून प्रत्येक बास्केटनंतर धक्काबुक्की होते, आणि लहान मुलांच्या सामन्यात त्यात हातही दुखावतो.

*इशारा:* बास्केट करणाऱ्या संघाने आनंदाच्या भरात चेंडू लाथाडणं किंवा हातात धरून ठेवणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं. पंचाने पहिल्याच वेळी थांबवावं.

टप्पा ५: शॉट चुकल्यावर आर्कबाहेर जाणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू या. प्रश्न एकच विचारायचा: चेंडूचा ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला का?

गेला नसेल, म्हणजे चढाई करणाऱ्यांनीच स्वतःचा रिबाउंड घेतला, तर बाहेर जायची गरज नाही. तिथूनच पुन्हा शॉट मारता येतो. शॉट ब्लॉक झाला पण चेंडू परत त्यांच्याच हातात आला, तरीही तसंच. आपल्याकडची मुलं स्वतःचा रिबाउंड घेऊनही सवयीने आर्कबाहेर धावतात आणि हाताशी आलेली सोपी संधी सोडतात.

ताबा गेला असेल, मग तो बचावाच्या रिबाउंडने असो, चेंडू हिसकावून असो की ब्लॉकने, तर नव्या संघाला आधी चेंडू आर्कबाहेर न्यावा लागतो. त्यासाठी चेक नाही, थांबणं नाही. ड्रिबल करत न्या किंवा बाहेर उभ्या साथीदाराला पास द्या. शॉट रिंगला न लागता हवेतच गेला आणि तो बचावाने पकडला, तरी ताबा बदललेलाच आहे. तेव्हाही बाहेर जायचं.

बाहेर गेला असं कधी धरायचं? चेंडू ज्याच्या हातात आहे त्याचा एकही पाय आर्कच्या आत किंवा रेषेवर नसेल तेव्हा. एक पाय बाहेर टाकून लगेच आत वळणं पुरेसं नाही. आपल्या सामन्यांत हे सर्रास चालतं. टाच रेषेवर टेकलेली असते, तोंड रिंगकडे वळलेलं असतं आणि खेळाडू शपथेवर सांगतो की तो बाहेर होता. पंचाने चेंडूकडे न पाहता पायाकडे पाहावं. त्यासाठी तो आर्कच्या जवळ, बाजूला उभा असायला हवा, खांबाखाली नाही.

बाहेर न नेता शॉट मारला आणि तो पडला, तर गुण नाही. चेंडू समोरच्या संघाला, आणि खेळ चेकने सुरू.

*तपासा:* तीन प्रसंग मुलांना विचारा. स्वतःचा रिबाउंड? इथूनच खेळा. समोरच्याचा रिबाउंड? आधी बाहेर. बास्केट पडली? रिंगखालून बाहेर. तिन्ही उत्तरं न अडखळता आली तर सामना सुरू करा.

टप्पा ६: गुण

आर्कच्या आतून १, बाहेरून २, फ्री थ्रोला १. पाचाच्या खेळातले २ आणि ३ डोक्यातून काढून टाका. गुणलेखकाने कागदावर सरळ १ आणि २ असे आकडे लिहावेत. काही जण २-३ लिहून शेवटी वजा करतात. त्यात फ्री थ्रोचा १ तसाच राहतो आणि हिशेब फिसकटतो.

शॉटसाठी उडताना बूट रेषेला लागला असेल तर १ च. हवेत उडून आत पडला तर हरकत नाही, उडण्याआधीची जागा धरायची.

फाउलचं थोडक्यात. मोजले जातात ते संघाचे फाउल. वैयक्तिक फाउल पाच झाले म्हणून कुणी बाहेर जात नाही. शॉट मारताना आर्कच्या आत फाउल झाला आणि शॉट चुकला तर १ फ्री थ्रो, बाहेर असेल तर २. संघाचे सहा फाउल होईपर्यंत हे चालतं. सातवा, आठवा, नववा फाउल म्हणजे समोरच्यांना २ फ्री थ्रो, शॉट चालू असो वा नसो. दहाव्यापासून २ फ्री थ्रो आणि वर चेंडूही. गुणलेखकाने सहावा फाउल झाल्यावर दोन्ही संघांना ऐकू जाईल असं सांगावं.

टप्पा ७: एक शेवटचं मिनिट, पायरी पायरीने

समजा खानापूर आणि निपाणी अशा दोन संघांचा सामना आहे. १० मिनिटं, घड्याळ थांबवून. खानापूर १९, निपाणी १८, एक मिनिट दहा सेकंद उरलेत. खानापूरचे संघ-फाउल सहा झालेत.

खानापूरने बाहेरून मारलेला शॉट चुकतो. निपाणीचा उंच मुलगा रिंगखाली रिबाउंड घेतो आणि तिथल्या तिथे चेंडू टाकतो. पडतो. प्रेक्षक १९–१९ म्हणून ओरडतात. पण ताबा बदलला होता आणि चेंडू आर्कबाहेर गेलाच नव्हता. गुण नाही. चेंडू खानापूरला, वर चेक.

चेकनंतर खानापूरचा खेळाडू आर्कवरून शॉट मारतो, पडतो, आणि संघ २१ झाले म्हणून नाचू लागतो. पंचाने त्याचा पुढचा बूट रेषेवर पाहिलेला असतो. एकच गुण, २०–१८. सामना संपलेला नाही आणि खेळ थांबलेलाही नाही. निपाणीने इकडे रिंगखालून चेंडू उचलून बाहेर नेलेला असतो. नाचणाऱ्यांपैकी एक जण धावत येतो आणि आत शिरलेल्या निपाणीच्या मुलाला शॉट मारताना हातावर मारतो. शॉट चुकतो.

आर्कच्या आतला फाउल, म्हणून एक फ्री थ्रो असं खानापूरचे म्हणतील. पण हा त्यांचा सातवा. दोन फ्री थ्रो. दोन्ही पडतात, २०–२०.

शेवटचा फ्री थ्रो पडला, म्हणून चेक नाही. खानापूर रिंगखालून चेंडू घेऊन आर्कबाहेर जातं, पुन्हा आत येतं आणि शॉट मारतं. ब्लॉक. चेंडू निपाणीकडे आर्कच्या आत. तो मुलगा घाई करत नाही, बाहेर उभ्या साथीदाराला पास देतो. साथीदाराचे दोन्ही पाय स्वच्छ बाहेर आहेत, म्हणजे त्याच पासने चेंडू बाहेर गेला, आणि तो तिथूनच शॉट मारतो. २२–२०. सामना तिथेच संपला, घड्याळात सेकंद उरले असले तरी. बरोबर २१ व्हावे लागत नाहीत, २१ किंवा जास्त चालतात, आणि दोन गुणांची आघाडीही लागत नाही. २१–२० हाही पूर्ण विजय.

टप्पा ८: वेळ संपली आणि बरोबरी असेल तर

वेळ संपली तेव्हा जो पुढे तो जिंकला, मग गुण १४–१३ का असेनात. बरोबरी असेल तर एक मिनिट विश्रांती आणि जादा वेळ. पहिला चेंडू नाणेफेकीत ठरलेल्या संघाला, म्हणजे ज्याला सुरुवातीचा मिळाला नव्हता त्याला. सुरुवात चेकने. संघाचे आधीचे फाउल तसेच पुढे मोजायचे.

जादा वेळेला घड्याळ नाही आणि २१ चं लक्ष्यही नाही. जादा वेळेत जो आधी २ गुण करेल तो जिंकेल. वरचाच सामना २०–२० वर संपला असता आणि जादा वेळेत निपाणीने आतून एक बास्केट केली असती, तर फळ्यावर २१–२० दिसलं असतं, पण सामना चालूच राहिला असता. नेमक्या याच क्षणी पंच शिट्टी वाजवून मोकळे होतात. म्हणून जादा वेळ सुरू होताना गुणलेखकाने जुने आकडे तसेच ठेवून त्याखाली नवी ओळ काढावी, ०–० पासून, आणि त्या ओळीत २ दिसेपर्यंत निकाल जाहीर करू नये.